‘नाही’चा बाण कुठे जातो?

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली होती. त्या आठवड्यात भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत नवी पोस्टरं लागतात. बरीचशी घोषवाक्यांची असतात. काहींवर कार्यपद्धतीच्या फाइलमधली चौदा-पंधरा कलमं बारीक अक्षरात जशीच्या तशी उतरवलेली असतात. मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. मशिन अडलेलं असतं, मागचं काम तुंबलेलं असतं आणि त्याला एवढंच हवं असतं की आत्ता, या क्षणी काय करायचं.

त्यासाठी फ्लोचार्ट, म्हणजे कामाचा ओघ दाखवणारी आकृती, हे चांगलं साधन आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. कामाची प्रत्येक पायरी एका चिन्हाने कागदावर दाखवायची, ही त्यांची कल्पना कारखान्यातल्या कामासाठीच होती. संगणकवाल्यांनी अशा आकृत्या पुढे उचलल्या आणि आज आपण वापरतो ते आकार त्यांच्याकडे रुळले. पोस्टरला त्यातले तीनच आकार पुरतात. सुरुवात आणि शेवट दाखवायला गोल कडांची लांबट पट्टी, कृतीसाठी चौकोन आणि प्रश्नासाठी शंकरपाळी. या सगळ्यांना बाण जोडतात.

आकार शिकायला पाच मिनिटं लागतात. खरं काम आहे कोणती गोष्ट कोणत्या आकारात घालायची आणि बाण कुठे न्यायचा हे ठरवणं. ते समजण्यासाठी प्रेस शॉपमधला एक नेहमीचा प्रसंग घेऊ.

एकच प्रसंग निवडा

‘पॉवर प्रेसची सुरक्षितता’ हा पोस्टरचा विषय होऊ शकत नाही, तो पुस्तकाचा विषय आहे. ‘डायमध्ये जॉब अडकला’ हा पोस्टरचा विषय आहे. त्याला ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे आणि मधल्या वेळात माणसाचा हात नको तिथे जाण्याची शक्यता आहे.

वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातला मेकॅनिकल पॉवर प्रेस डोळ्यांसमोर आणा. वरचा जड रॅम खाली येतो आणि दोन डायांमध्ये पत्र्याला आकार देतो. त्याला ताकद मिळते बाजूला फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधून. क्लच हवेच्या दाबावर चालतो. म्हणजे धोका तीन ठिकाणी साठलेला असतो. वीज ही सगळ्यांना माहीत असलेली जागा. फ्लायव्हील ही दुसरी, कारण मोटर बंद केली तरी ते लगेच थांबत नाही, बराच वेळ फिरत राहतं. तिसरी जागा हवा आणि रॅमचं वजन. अनेक प्रेसमध्ये रॅमचा भार हवेच्या दाबाने तोललेला असतो. तो दाब गेला की रॅम आपल्या वजनाने खाली सरकू शकतो.

अडकलेला जॉब काढताना या तिन्ही जागा क्रमाने मोकळ्या करायच्या आणि मशिन दुसऱ्या कुणाला सुरू करता येऊ नये म्हणून कुलूप लावायचं. कारखान्यात या पद्धतीला ‘लोटो’ म्हणतात, लॉकआउट-टॅगआउटचं हे छोटं रूप. आपला फ्लोचार्ट या लोटोचाच असेल.

आधी चिठ्ठ्या, मग आकार

संगणक उघडण्याआधी कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या घ्या आणि मशिनपाशी जा. अनुभवी ऑपरेटर आणि मेंटेनन्सचा माणूस यांना बंद मशिनवर सगळी कृती करून दाखवायला सांगा. एका चिठ्ठीवर एकच कृती लिहा, आणि तीही त्यांच्या तोंडच्या शब्दांत. फाइलमध्ये ‘विद्युत पुरवठा खंडित करण्यात यावा’ असं असेल. शॉपमध्ये ‘मेन स्विच बंद करा’ म्हणतात. पोस्टरवर तेच जायला हवं.

एका चिठ्ठीत दोन क्रियापदं आली तर ती फाडून दोन करा. ‘मेन स्विच बंद करून कुलूप लावा’ या वाक्यात घाईतला माणूस पहिला अर्धा भाग करतो आणि पुढच्या चौकोनाकडे वळतो. कुलूप राहून जातं. कुलपाला स्वतःचा चौकोन मिळाला की ते सुटण्याची शक्यता कमी होते.

आता चिठ्ठ्या जमिनीवर मांडून क्रम तपासा. बाण म्हणजे ‘यानंतरच हे’ अशी अट आहे, त्यामुळे क्रमातली चूक पोस्टरवर आज्ञा होऊन बसते. आपल्या प्रसंगात हवा आधी सोडायची की रॅमखाली सेफ्टी ब्लॉक आधी लावायचा? हवा आधी सोडली आणि भार तोलणारा दाब गेला, तर ब्लॉक लावायला गेलेल्या हातावरच रॅम सरकू शकतो. म्हणून वीज तोडून कुलूप लावल्यावर आधी ब्लॉक आणि मग हवा. प्रत्येक प्रेसची रचना सारखी नसते. त्यामुळे शेवटचा क्रम मशिनच्या पुस्तिकेशी ताडून मेंटेनन्स विभागाकडून मान्य करून घ्यायचा.

अशीच एक बारीक गोष्ट इमर्जन्सी स्टॉपची आहे. कुलूप लावल्यावर मशिन खरोखर बंद आहे का, हे मोटर सुरू करायचं बटण दाबून पाहतात. पण इमर्जन्सी स्टॉप दाबलेलाच असेल तर मेन स्विचमध्ये दोष असला तरी मोटर सुरू होणार नाही आणि चाचणीला काही अर्थ उरणार नाही. म्हणून चाचणीआधी तो लाल मश्रूम फिरवून सोडवावा लागतो. सेफ्टी ब्लॉकचंही तसंच आहे. अनेक ठिकाणी ब्लॉकला प्लग असतो. ब्लॉक त्याच्या जागेवरून उचलला की प्लग निघतो आणि कंट्रोलची वीज तुटते. मग चाचणी पुन्हा खोटी पडते. म्हणून ती ब्लॉक लावण्याआधीच उरकायची. ऑफिसात बसून काढलेल्या चार्टमध्ये या गोष्टी बहुधा येत नाहीत.

शंकरपाळीत काय लिहायचं

फ्लोचार्ट बिघडतो तो बहुतेक वेळा शंकरपाळीत. ‘मशिन सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न वाचायला बरा वाटतो, पण त्याचं उत्तर कशाच्या आधारावर द्यायचं? कुणीही ‘हो’ म्हणून पुढे जाईल. प्रश्न असा हवा की उभ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी उत्तर मिळावं, आणि दोन माणसांना विचारलं तर दोघांचं उत्तर एकच यावं. ‘फ्लायव्हील थांबलं का?’ हा तसा प्रश्न आहे. ‘गेज शून्यावर आहे का?’ हाही तसाच.

हे काम करायची परवानगी सगळ्यांना नसते. कंत्राटावर नुकत्याच आलेल्या हेल्परने कुलूप-टॅगच्या भानगडीत पडायचं नाही. पण ‘तुम्ही अधिकृत आहात का?’ असं विचारलं तर तोही विचारात पडेल. प्रशिक्षण झालेल्या प्रत्येकाला कारखाना त्याच्या नावाचं कुलूप देतो. मग प्रश्न सोपा होतो: ‘स्वतःचं कुलूप आहे का?’ खिसा चाचपला की उत्तर मिळतं.

आता चाचणीची शंकरपाळी पाहा. पहिल्या मसुद्यात इथे हमखास ‘मशिन सुरू झालं का?’ असं लिहिलं जातं. मागच्या तीन प्रश्नांत ‘हो’ म्हटलं की खाली जायचं होतं. या एका प्रश्नात ‘नाही’ म्हटलं की खाली जायचं. चार्ट तर्काने बरोबर असतो, पण डोळ्याला ‘हो म्हणजे पुढे’ अशी सवय लागलेली असते. नेमक्या सगळ्यांत धोक्याच्या ठिकाणी ती सवय उलटते. उपाय सोपा आहे, प्रश्न फिरवून लिहायचा: ‘मशिन शांत आहे का?’ सगळ्या पोस्टरवर एकच नियम ठेवा. सुरक्षित उत्तर नेहमी ‘हो’, आणि ‘हो’चा बाण नेहमी सरळ खाली.

मग ‘नाही’चं काय? चार्ट काढणारा बहुतेक वेळा सरळ रस्त्यातच गुंतलेला असतो. ‘नाही’चा बाण तो शेवटी कुठेतरी मागे वळवून टाकतो. पोस्टरची गरज मात्र ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच जास्त असते, कारण ज्याचं सगळं सुरळीत चाललंय तो भिंतीकडे बघतही नाही.

आपल्या चार्टमध्ये पाच प्रश्न आहेत. त्यातल्या एकाच ठिकाणी मागे वळणारा बाण चालतो, तो म्हणजे फ्लायव्हील. ते थांबलं नसेल तर उभं राहायचं आणि पुन्हा बघायचं. थोड्या वेळाने ते आपोआप थांबणारच आहे, त्यामुळे ही फेरी संपते. गेजचं तसं नाही. काटा शून्यावर येत नसेल तर व्हॉल्व अडकलेला असेल, कुठून तरी दाब येत असेल किंवा गेजच बिघडलेला असेल. तिथे ‘पुन्हा हवा सोडा’ असा मागे जाणारा बाण काढला, तर माणूस दोन-तीन वेळा प्रयत्न करून वैतागतो आणि काटा ‘जवळजवळ शून्यावर’ असल्याचं स्वतःलाच सांगून हात आत घालतो. म्हणून गेजचा, आणि फ्लायव्हील सोडून बाकी सगळ्या प्रश्नांचा ‘नाही’ एकाच जागी न्यायचा. पोस्टरच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चौकटीचा एक उभा चौकोन काढायचा आणि त्यात मोठ्या अक्षरांत लिहायचं: ‘थांबा. हात आत घालू नका. सुपरवायझरला बोलवा.’ चारही ‘नाही’ तिथे आडवे जाऊन पोचतात, एकही बाण दुसऱ्याला छेदत नाही. फ्लायव्हीलची छोटी फेरी डाव्या बाजूला काढली की ती या गर्दीत मिसळत नाही.

पूर्ण चार्ट असा दिसतो

वरून खाली, एका रांगेत:

१. पट्टी: डायमध्ये जॉब अडकला
२. चौकोन: इमर्जन्सी स्टॉप दाबा
३. शंकरपाळी: स्वतःचं कुलूप आहे का? नाही – लाल चौकटीकडे
४. शंकरपाळी: रॅम वर आहे का? नाही – लाल चौकटीकडे
५. चौकोन: मोटर बंद करा
६. शंकरपाळी: फ्लायव्हील थांबलं का? नाही – थांबा, पुन्हा बघा
७. चौकोन: मेन स्विच बंद करा
८. चौकोन: कुलूप आणि टॅग लावा
९. चौकोन: इमर्जन्सी स्टॉप सोडवा
१०. चौकोन: मोटरचं बटण दाबून बघा
११. शंकरपाळी: मशिन शांत आहे का? नाही – लाल चौकटीकडे
१२. चौकोन: रॅमखाली ब्लॉक लावा
१३. चौकोन: हवेचा कॉक कुलूपबंद करा
१४. चौकोन: उरलेली हवा सोडा
१५. शंकरपाळी: गेज शून्यावर आहे का? नाही – लाल चौकटीकडे
१६. चौकोन: हुकने जॉब काढा
१७. पट्टी: आता पोस्टर २ बघा

चौथ्या क्रमांकाचा प्रश्न इतक्या वर का, असं कुणी विचारेल. रॅम खाली येऊन जॉबवरच अडकला असेल तर तो सोडवणं ऑपरेटरचं काम नाही, ते मेंटेनन्सचं आहे. ते जितकं लवकर कळेल तितकं बरं. सोळाव्या चौकोनात ‘हुकने’ हा शब्दही मुद्दाम आहे. सगळं बंद असलं तरी डायच्या कडा आणि कापलेला पत्रा धारदार असतो.

मशिन पुन्हा सुरू करायच्या पायऱ्या यात नाहीत. हत्यारं मोजून बाहेर काढायची, सगळे मशिनपासून लांब आहेत का बघायचं, हवा पुन्हा सोडायची, ब्लॉक काढायचा आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. हा वेगळा प्रसंग आहे आणि त्याचं पोस्टर वेगळं. दोन्ही एकत्र कोंबली तर काय होईल ते पुढच्या हिशेबावरून कळेल.

कागदावर बसवणं

अक्षर किती मोठं हवं, याचा एक सोपा अंदाज आहे. जितक्या अंतरावरून वाचायचं त्याचा दोनशेवा भाग. दोन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची १० मिलिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत धरायची. वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला वेगळी जागा लागते, त्यामुळे रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या चौकोनात मराठी ओळ बसवली की मात्रा कडेला चिकटतात. १० मिलिमीटरच्या एका ओळीला २६ मिलिमीटर उंच चौकोन दिला तर ओळ मोकळी दिसते.

शंकरपाळी जागा खाते. तिच्या पोटात मजकुराला जो आयत मिळतो, त्याची रुंदी आणि उंची शंकरपाळीच्या जेमतेम निम्मी असते. म्हणून ती बुटकी आणि रुंद काढायची, ३०० मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर उंच. आत १५० बाय ३० ची जागा मिळते आणि ‘रॅम वर आहे का?’ एवढा प्रश्न तिच्यात एका ओळीत बसतो. प्रश्न बसत नसेल तर अक्षर लहान करू नका, प्रश्न छोटा करा.

आता बेरीज करा. पाच शंकरपाळ्यांचे ३०० मिलिमीटर, दहा चौकोन आणि दोन पट्ट्यांचे ३१२, मधल्या सोळा बाणांना प्रत्येकी दहा धरून १६०. एकूण ७७२ मिलिमीटर. ए-१ कागदाची उंची ८४१ असते. शीर्षक आणि समास धरून चार्ट जेमतेम बसतो. सुरू करायच्या पायऱ्या यातच घालायच्या तर दोन रांगा कराव्या लागतील आणि पहिल्या रांगेच्या तळापासून दुसरीच्या डोक्यापर्यंत बाण फिरवावा लागेल. वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथे सुटते.

संगणकावर एक्सेल किंवा पॉवरपॉइंटमध्येही हा चार्ट काढता येतो. बाणासाठी साधी रेघ न ओढता कनेक्टर वापरा आणि त्याची टोकं आकाराच्या कडेवरच्या ठिपक्यांना चिकटवा. मग चौकोन सरकवला तरी बाण त्याच्याबरोबर येतो. रेघा सुट्या असतील तर शेवटच्या फेरफारात एखादा बाण भलत्याच आकाराकडे बोट दाखवत राहतो आणि छापून आल्यावरच ते लक्षात येतं.

रंग कमी ठेवा. कारखान्यातल्या सुरक्षा चिन्हांत लाल म्हणजे मनाई किंवा थांबा, पिवळा म्हणजे सावधान, निळा म्हणजे सक्तीची कृती आणि हिरवा म्हणजे सुरक्षित स्थिती, हे ठरलेलं आहे. चौकोन शोभेसाठी रंगवले तर या अर्थांशी गफलत होते. पांढऱ्यावर काळ्या रेघा, ‘नाही’चे बाण आणि त्यांची चौकट लाल, बाकी काही नको. काही पुरुषांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक बाणावर ‘हो’ किंवा ‘नाही’ अक्षरात लिहिलेलं हवंच.

कारखान्यातल्या वैधानिक सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असं १९४८च्या कारखाना कायद्याने घालून दिलं. आपलं पोस्टर त्या सूचनांत मोडत नसलं तरी ‘समजणारी भाषा’ ही कसोटी लावायला हवी. चाकणच्या शॉपमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुलं असतात. एकाच चौकोनात मराठी आणि हिंदी कोंबण्यापेक्षा दोन वेगळी पोस्टरं शेजारी लावा. दोन्हींत आकार त्याच जागी ठेवा, म्हणजे मराठी ऑपरेटर आणि हिंदी बोलणारा हेल्पर एकाच पायरीवर बोट ठेवून बोलू शकतील.

छापण्याआधी

साध्या कागदावरचा मसुदा मशिनजवळ टांगा आणि चार्ट काढण्यात ज्याचा सहभाग नव्हता अशा कामगाराला बोलवा. मशिन बंद ठेवा. त्याला काही समजावून सांगू नका. बोट ठेवून एकेक पायरी वाचायला आणि त्या त्या वस्तूकडे दाखवायला सांगा: मेन स्विच कुठे, कॉक कुठे, गेज कुठे. बोट जिथे रेंगाळतं तिथे शब्द किंवा बाण चुकलेला आहे. मग मुद्दाम सांगा, ‘समज, काटा शून्यावर येत नाहीये, आता काय?’ बोट विचार न करता लाल चौकटीकडे गेलं तर चार्ट जमला. ते माणसाच्या चेहऱ्याकडे वळलं, तर दोष माणसात नाही, चार्टमध्ये आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. पोस्टर प्रशिक्षण देत नाही. कुलूप कसं लावायचं, ब्लॉक कुठे टेकवायचा, हे हातानेच शिकावं लागतं. पोस्टर फक्त शिकलेला क्रम घाईत विसरू देत नाही. ज्या शॉपमध्ये कुलपंच वाटलेली नाहीत किंवा ब्लॉक स्टोअरमध्ये पडून आहे, तिथे हा चार्ट लावणं म्हणजे कामगाराला न करता येणारी गोष्ट करायला सांगणं आहे. तिथे आधी सामान आणा.

पोस्टर ऑपरेटर उभा राहतो तिथून दिसेल असं, डोळ्यांच्या उंचीवर लावा. पत्र्याच्या रिळामागे किंवा ऑफिसच्या वाटेवर नको. आणि खालच्या कोपऱ्यात मशिनचा नंबर, तारीख आणि मंजुरी देणाऱ्याची सही असू द्या. प्रेसचा क्लच बदलला, नवा गार्ड बसवला किंवा मेन स्विचची जागा हलली, तर त्याच दिवशी जुनं पोस्टर उतरवा. मशिन बदलल्यावरही भिंतीवर राहिलेला चार्ट चुकीची आज्ञा देत असतो. त्यापेक्षा रिकामी भिंत बरी.